ताबा किती वाजता?

रविवार, रात्र.

पुतणीच्या लग्नाचं कार्यालय आज ठरलं. दादाची सगळी चौकशी भाड्यावर चालली होती. मी आधी विचारलं, ताबा किती वाजता आणि किल्ली परत किती वाजता? भाडं कमी-जास्त झालं तर माणूस सोसतो. पण पंगत उठायच्या आत दुसऱ्या लग्नाचे मंडपवाले दारात उभे राहिले की घरच्या बायकांचे हाल होतात, ते मला बघवत नाहीत.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या बाजूचं हे कार्यालय शनिवारी संध्याकाळी पाचला मिळेल आणि रविवारी पाचला रिकामं करायचं. मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा. जेवणं तीनपर्यंत उरकली तर पाठवणी, रुखवत आवरणं आणि भांडी मोजून देणं पाचच्या आत बसतं. लाइटबिल भाड्यात नाही, मीटरवर आहे. म्हणून ताबा घेताना आणि सोडताना दोघांनी आकडा बघून सही करायची, हे पावतीवरच लिहून घेतलं. जनरेटरचं डिझेलही वेगळं.

खरा पेच मुंबईच्या पाहुण्यांचा आहे. ते महालक्ष्मी एक्स्प्रेसनं शनिवारी सकाळी उतरणार आणि रविवारी रात्री त्याच गाडीनं परत जाणार. शनिवार-रविवार अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी असतेच, देवळाजवळच्या खोल्या आधी भरतात. तशीही तिथं बॅगा घेऊन गाडी आत नेणं त्रासाचं, म्हणून आम्ही स्टेशन आणि सीबीएस बसस्टँडच्या मधल्या भागात लॉज बघितले.

पहिला लॉज दुपारी बारा ते बारा दिवस धरतो. सकाळी सातला खोली घेतली तर बारापर्यंत एक दिवस, रविवारी बारापर्यंत दुसरा आणि रात्री गाडीपर्यंत तिसरा. आठ खोल्यांचे तीन दिवस म्हणजे चोवीस भाडी! दुसऱ्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब आहे, खोली घेतली त्या वेळेपासून. तिथं तेवढ्याच मुक्कामाची सोळा भाडी होतात. खोलीचा दर थोडा जास्त आहे, तरी हाच परवडतो. त्यातही वहिनींनी मार्ग काढला. रविवारी सकाळी सगळ्यांनी आवरून कार्यालयाकडेच यायचं आहे, तर चार खोल्या सातला सोडायच्या आणि म्हाताऱ्या माणसांसाठी व सामानासाठी चार ठेवायच्या. बारा भाड्यांत काम झालं. त्या चार खोल्या नसत्या तर पाचला कार्यालय सोडल्यावर आत्याबाईंना गाडीच्या वेळेपर्यंत स्टेशनवर बसवावं लागलं असतं. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं तेही विचारून घेतलं. लग्नाच्या सकाळी एकदम आठ खोल्यांतले लोक अंघोळीला जाणार.

संध्याकाळी केटररकडे गेलो. मसालेभात, जिलेबी, अळूची भाजी, मठ्ठा, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. ताटाला 280 रुपये. बोलणं अडलं ते हमीच्या आकड्यावर. त्यांनी 500 ताटं धरली होती. हमीचा आकडा म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्यांचे पैसे द्यायचेच. आमच्या अंदाजानं साडेचारशे जेवतील, पण त्या तारखेला गावात लग्नं बरीच आहेत, माणसं वाटली जाणार. शंभर रिकाम्या ताटांचे 28,000 होतात. शेवटी 400 ची हमी ठरली आणि 50 ताटांची जादा तयारी त्यांनी ठेवायची, ती उचलली तरच पैसे. पक्का आकडा आठ दिवस आधी कळवायचा, कारण नंतर त्यांचा शिधा भरलेला असतो.

मोजायचं कसं, हे मी तिथंच काढलं. रात्री दमलेल्या माणसांनी "अंदाजे इतकी झाली" म्हणत बसायचं, हे मला पटत नाही. केटररमामा स्वतःच म्हणाले, "पाव्हणं, घरातला एक माणूस ताटांजवळ उभा करा, म्हंजे तुमचं-आमचं काय न्हाई." कोरी ताटं मांडायच्या आधी दोघांनी मोजायची, शेवटी उरलेली मोजायची आणि मधला फरक तो हिशोब. बुफे असल्यामुळं लोक दुसऱ्यांदा नवं ताट घेतात, तेही मोजणीत येतं. म्हणून रोटी आणि जिलेबीसाठी छोट्या प्लेट वेगळ्या ठेवायला सांगितल्या. बँडवाले, फोटोग्राफर आणि ड्रायव्हर यांची ताटं आमच्या हिशोबात धरली, कारण ती माणसं उपाशी राहता कामा नयेत. केटररच्या वाढप्यांची ताटं मात्र धरायची नाहीत, हे त्यांनी लगेच मान्य केलं.

ताटांजवळ उभं राहायला धाकट्या मेहुण्याला सांगणार आहे. तो हिशोबाला पक्का आहे आणि कुणाशी आवाज चढवत नाही. उद्या लॉजवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, तेव्हा पावतीवर चोवीस तास आणि चार खोल्या एक दिवस, चार खोल्या दोन दिवस, असं स्पष्ट लिहून घ्यायचं.