ब्युरेट संपत आली तरी निळा रंग येईना

मे महिना, पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाऊसचं पाणी आमच्या लॅबला आलेलं. तक्रार नेहमीचीच, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. हार्डनेसचं टायट्रेशन आमच्या ट्रेनी पोरीला दिलं, डिचोलीची आहे, हात चांगला आहे तिचा. ५० मिली सॅम्पल, १ मिली अमोनिया बफर (pH १०), इंडिकेटर म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. रंग छान वाइन रेड आला. १८ मिलीच्या आसपास जांभळा झाला आणि तिथंच अडकला. २५ झाले, ३० झाले, जांभळाच. ती म्हणाली, "सर, हार्डनेस ६००च्या वर आहे वाटतं." हिशोब बरोबर होता, १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, ५० मिलीत ३० मिग्रॅ म्हणजे लिटरला ६००. पण निळा होऊन एंडपॉइंटच आला नाही तर हिशोब कसला?

म्हटलं आधी ब्लँक कर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एका थेंबात निळा, म्हणजे इंडिकेटर आणि बफर दोन्ही ठीक. सॅम्पल पाचपट पातळ करून बघितलं, तरी रंग मळकटच. मग खोट पाण्यातच.

आता हे टायट्रेशन चालतं कशावर, तर पकडीच्या उतरंडीवर. मॅग्नेशियमला इंडिकेटर धरून ठेवतो म्हणून लाल, ईडीटीएची पकड त्याहून घट्ट म्हणून तो शेवटी मॅग्नेशियम हिसकावून घेतो आणि मोकळा इंडिकेटर निळा दिसतो. पण तांब्यासारखा धातू असला की इंडिकेटर त्याला इतका गच्च धरतो की ईडीटीए घातला तरी सुटत नाही, याला इंडिकेटर ब्लॉक होणं म्हणतात.

तिला ही पकड काही पटेना. "अमोनिया पण धातूला धरतो ना सर, मग ईडीटीएत एवढं काय?" मी निकेल सल्फेटच्या हिरव्या पाण्याच्या दोन टेस्टट्यूब घेतल्या, एकीत अमोनिया घातला, निळं झालं. दुसरीत एथिलीनडायअमीन, जांभळं झालं. मग अमोनियावाल्या ट्यूबमध्येच एथिलीनडायअमीनचे थेंब सोडले, निळ्याचं जांभळं झालं, अमोनियाला बाजूला केलं की बघता बघता! दोन्हीकडे निकेलला सहा नायट्रोजनच लागलेत, तरी एकाची स्थिरता साधारण १०^८.६ आणि दुसऱ्याची १०^१८. फरक मोजणीत आहे. सहा अमोनिया आले तर निकेलला चिकटलेले पाण्याचे सहा रेणू सुटतात, कणांची संख्या तेवढीच. एथिलीनडायअमीनच्या एका रेणूत दोन नायट्रोजन, म्हणून त्याचे तीनच रेणू येऊन सहा पाणी सोडवतात, मोकळे कण वाढतात, गोंधळ वाढतो आणि निसर्ग त्या बाजूला झुकतो. शिवाय एक हात सुटला तरी दुसरा धरून असतोच, सुटलेला परत पटकन बसतो. हाच चिलेट परिणाम. ईडीटीए तर एकच रेणू, सहा हातांचा.

"मग हार्डनेसला एथिलीनडायअमीनच का नाही वापरत, स्वस्त पडेल?" प्रश्न मला आवडला. कॅल्शियमला नायट्रोजनचं फारसं प्रेम नाही, त्याला ऑक्सिजन लागतो. ईडीटीए म्हणजे एथिलीनडायअमीनच, फक्त त्याला चार अ‍ॅसिटेटचे हात जोडलेत, त्यातले ऑक्सिजन कॅल्शियमला धरतात. आणि हात मोकळे हवेत म्हणून pH १०, आम्लात हायड्रोजन येऊन त्याच जागा अडवतो.

सोडियम सल्फाइडचं ताजं द्रावण १ मिली घालून पुन्हा केलं (कुजक्या अंड्याचा वास, फ्यूम हूडमध्येच, आणि आम्लाजवळ अजिबात न्यायचं नाही). सल्फाइडनं तांबं बाजूला बांधून ठेवलं, १८.६ मिलीला स्वच्छ निळा. ३७२ मिग्रॅ प्रति लिटर.

पण तांबं आलं कुठून? केअरटेकरला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. "सकाळी उठल्या उठल्या गिझरच्या नळातलं भरलं हो." गिझर नवा, आतली टाकी तांब्याची, पाणी रात्रभर त्यातच बसलेलं. त्याला बोअरच्या पंपाजवळून, दहा मिनिटं पाणी सोडून मग भर म्हटलं. ते सॅम्पल आलं, सल्फाइडशिवायच १८.४ मिलीला झटकन निळं. ३६८. भारतीय मानकात २०० पर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पहिल्या बाटलीतलं तांबं वेगळं मोजलं तर लिटरला ०.९ मिग्रॅ निघालं, म्हणजे मानकातल्या स्वीकार्य ०.०५ च्या वर पण कमाल १.५ च्या आत.

केअरटेकर रिपोर्ट घ्यायला आला तर म्हणतो, "म्हणजे सकाळचा चहा गिझरच्या पाण्यानं करतो तो बंद करू?" म्हटलं, कर बाबा, कालपासूनच.