रिलेशनशिप मॅनेजरचा रेझ्युमे: ६१ कोटींतले माझे किती?

कोल्हापूरच्या एका शाखेत तीन वर्षं रिलेशनशिप मॅनेजर म्हणून काम केल्यावर मी दुसऱ्या बँकेत अर्ज करायचं ठरवलं. माझ्या ग्राहकांत शिरोलीचे फाउंड्रीवाले, शहरातले डॉक्टर आणि बरीच निवृत्त मंडळी होती. रेझ्युमेवर पहिली ओळ पोर्टफोलिओची हवी हे माहीत होतं. पण '६१ कोटींचा पोर्टफोलिओ' एवढं लिहिलं, तर त्यातून माझं काम दिसत नाही. मोठं बुक, म्हणजे सांभाळायच्या ग्राहकांचा एकूण पैसा, आधीच्या मॅनेजरकडून वारशानंही मिळतं, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी स्वतः ही नोकरी केलेली असते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅप होऊन आलेलं किती आणि स्वतः आणलेलं किती?"

म्हणून मी आधी तो आकडा फोडला. बुक हातात आलं तेव्हा ४२ कोटींचं होतं, म्हणजे वाढ १९ कोटींची. त्यातले ६ कोटी एका सहकाऱ्यानं नोकरी सोडल्यावर त्याचे ग्राहक माझ्या नावावर आले म्हणून वाढले. ३ कोटी म्युच्युअल फंडांचं मूल्य बाजारासोबत चढल्यामुळे. उरलेले १० कोटी मी मिळवलेल्या नव्या ठेवी आणि नवी गुंतवणूक. रेझ्युमेत ४२, ६१ आणि १० हे तिन्ही आकडे एकाच ओळीत दिले. आणखी एक काळजी घेतली: ३१ मार्चची शिल्लक घेतली नाही. वर्षअखेरीला चालू खात्यांत पैसे येतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघून जातात. दोन्ही टोकांना तिमाहीची सरासरी वापरली.

टार्गेटबद्दल '११२ टक्के पूर्तता' असं नुसतं लिहिण्यात अर्थ नव्हता. कशाचे ११२? आमच्या स्कोअरकार्डवर ठेवी, विमा, फंड, कर्जाच्या लीड यांना वेगवेगळं वजन असायचं. विम्यात दुप्पट धंदा करून ठेवींत मागे पडलेला माणूसही एकूण शंभरीपार जातो. मी ठेवी आणि फंड वेगळे दाखवले, आणि बारा तिमाहींपैकी नऊमध्ये टार्गेट पूर्ण झालं असं सरळ लिहिलं. उरलेल्या तीन तिमाहींवर प्रश्न आला, तेव्हा उत्तर तयार होतं.

क्रॉस-सेलिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण माझ्या मते खरा फरक इथंच कळतो. किती पॉलिसी विकल्या, किती एसआयपी सुरू केल्या हे सगळेच लिहितात. पण मार्चमध्ये गळ्यात मारलेली पॉलिसी पुढच्या वर्षी हप्ता भरायची वेळ आली की बंद पडते. विम्यात याचं मापच आहे, तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी: वर्षभरानंतर किती पॉलिसींचा हप्ता चालू राहिला. मी विकलेल्या पॉलिसींचा तो आकडा लिहिला आणि एसआयपींतल्या वर्षानंतरही चालू असलेल्याच मोजल्या. संख्या कमी झाली, पण तिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं.

ग्राहक टिकवण्याचा हिशेब करताना नवे ग्राहक बाजूला ठेवावे लागतात. ते मिसळले की गेलेले झाकले जातात. सुरुवातीला माझ्याकडे १८२ कुटुंबं होती. तीन वर्षांनी त्याच यादीतली १६३ शिल्लक होती, म्हणजे जवळपास ९० टक्के. गेलेल्या १९ पैकी ६ गाव बदलून गेली. ५ घरांत खातेदार वारले आणि वारसांनी पैसे आपापल्या बँकेत नेले. ८ कुटुंबं दुसऱ्या बँकेकडे गेली. ही फोड कागदावर नाही लिहिली, पण तोंडपाठ ठेवली.

हे आकडे मी माझ्या वार्षिक अप्रेझलच्या पत्रांतून आणि इन्सेंटिव्हच्या पत्रांतून घेतले. बँकेचा एमआयएस, म्हणजे आतल्या आकड्यांचा अहवाल, स्वतःच्या मेलवर पाठवणं हा माहितीचा भंग आहे, नोकरी सोडताना तर तो हमखास पकडला जातो. ग्राहकांची नावंही कुठं नाहीत, 'फाउंड्री उद्योजक, डॉक्टर, निवृत्त' एवढंच. माझी मोठी खाती सोबत येतील असं सुचवणारी ओळसुद्धा ठेवली नाही.

आमचे जुने क्लस्टर हेड वाचून म्हणाले, "तुझं एनआयएसएमचं प्रमाणपत्र खाली दडलंय, वर घे. आणि मुदत कधी संपते तेही लिही." म्युच्युअल फंडांसाठीचं ते प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. फंड विकायला ते चालू असावं लागतं, म्हणून ते नावाखालीच घेतलं.

मुलाखतीत त्या ८ कुटुंबांवरच बोलणं सगळ्यात लांबलं. पाच जण गृहकर्जाचा व्याजदर कमी मिळाला म्हणून गेले होते, आणि कर्जापाठोपाठ बचत खातंही गेलं. समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, "इथं तसं होऊ नये म्हणून काय कराल?" मी सांगितलं, चालू कर्ज असलेल्या कुटुंबांची वेगळी यादी ठेवीन आणि दर बदलला की त्यांचा फोन यायच्या आधी आपणच फोन करू. पुढचा अर्धा तास त्यांच्या बँकेत दर कमी करून द्यायचा अधिकार कुणाकडे असतो, यावर गेला.