नाचणी + तूर, वरकस जमीन: या हंगामाचा हिशोब (एलईआर १.३५, पण थांबा)

तुरीची मळणी आटोपली, शेंगा-काड वेगळं झालं, तेव्हा आता आकडे मांडतो. कृषीच्या मुलांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण परीक्षेत एलईआर म्हणजे जमीन समतुल्य गुणोत्तर पाठ करून येतात, पण तो आकडा शेतात कुठून निघतो आणि कुठे फसवतो हे कमी जणांनी पाहिलेलं असतं.

जागा संगमेश्वरकडची उताराची वरकस, जांभ्याची तांबडी माती. तीन प्रकारचे तुकडे केले होते: निव्वळ नाचणी, निव्वळ तूर आणि मिश्र. नाचणीच्या ओळी २० सेंमीवर. मिश्र तुकड्यात चार ओळी नाचणी आणि पाचवी ओळ तुरीची, म्हणजे तुरीच्या दोन ओळींत एक मीटर अंतर. निव्वळ तूर ६० सेंमीवर. तूर पहिल्या पावसावर जूनमध्ये टोकली, नाचणीची लावणी जुलैच्या सुरुवातीला. या मांडणीत नाचणीची रोपं निव्वळ पिकाच्या ८० टक्के आणि तुरीची ६० टक्के बसतात. दोन्ही मिळून १४० टक्के. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गुंठ्यामागे सुकवलेलं धान्य असं आलं: निव्वळ नाचणी १६ किलो, निव्वळ तूर ८ किलो. मिश्र गुंठ्यात नाचणी १२.८ आणि तूर ४.४ किलो.

नाचणीचा वाटा १२.८ भागिले १६, म्हणजे ०.८०. तुरीचा ४.४ भागिले ८, म्हणजे ०.५५. बेरीज १.३५. अर्थ असा की एका गुंठ्यातलं हे मिश्र उत्पन्न वेगवेगळं पिकवायचं तर १.३५ गुंठे लागले असते. ०.८० गुंठा नाचणीला, ०.५५ तुरीला.

आता हे वाटे रोपांच्या प्रमाणाशी ताडून बघा. नाचणी ८० टक्के लावली आणि ८० टक्केच मिळाली. म्हणजे शेजारी तूर असल्याचा तिला एकंदरीत तोटा झाला नाही. तूर ६० टक्के लावली, ५५ टक्के मिळाली, थोडी दबली. मग कोणी म्हणेल, रोपं जास्त कोंबली म्हणून उत्पन्न जास्त, त्यात मिश्रपिकाचं काय? उत्तर तुलनेच्या तुकड्यात आहे. निव्वळ पीक त्याच्या योग्य घनतेवर असेल तर त्यात आणखी रोपं घालून उत्पन्न वाढत नाही. ते विरळ ठेवलं तर मात्र मिश्रपीक फुकटात जिंकतं.

भाजक किती महत्त्वाचा ते इथेच दिसतं. उताराच्या तळाशी पाणी तुंबणारी एक पट्टी आहे. तिथे ऑगस्टमध्ये तुरीची खालची पानं पिवळी पडतात, रोप उपटलं तर मूळ काळपट आणि मऊ लागतं. निव्वळ तूर फक्त त्या पट्टीत असती आणि ८ ऐवजी ५ किलो आली असती, तर तुरीचा वाटा ०.८८ आणि एलईआर १.६८ दिसला असता. मिश्रपिकात तसूभर सुधारणा नाही, तरी आकडा फुगलेला. म्हणून तिन्ही प्रकारांचे तुकडे उताराच्या वर, मध्ये आणि खाली असे विखरून ठेवले आणि भाजकाला निव्वळ पिकाची सरासरी घेतली.

पण हा ३५ टक्के फायदा येतो कुठून?

सगळ्यात मोठा भाग उजेडाचा. पावसाळ्यात कोकणात ढगांमुळे ऊन आधीच कमी, त्यामुळे कोण कोणाच्या डोक्यावर आहे याला किंमत येते. तूर पहिले दोन महिने अगदी सावकाश वाढते, त्या काळात निव्वळ तुरीच्या ओळींमधून उजेड सरळ जमिनीवर पडतो आणि तिथे तण माजतं. मिश्र तुकड्यात तो उजेड नाचणीनं घेतला. सप्टेंबरात पारडं फिरलं, तूर नाचणीच्या वर गेली. तुरीलगतच्या नाचणीच्या ओळी मी वेगळ्या कापल्या. लगतच्या दोन ओळींचं धान्य ६.२ किलो, मधल्या दोन ओळींचं ६.६. फरक लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ठोंब जवळून पाहिले तेव्हा लगतच्या ओळीत फुटवे जास्त आणि कणसांची बोटं हलकी दिसली. आधी मोकळा उजेड मिळून फुटवे वाढले, दाणा भरताना सावली आली, दोन्ही जवळपास फिटलं.

दसऱ्याच्या सुमारास नाचणी कापली आणि तुरीला चारी बाजूंनी ऊन मिळालं. पंधरवड्यात बगलेतून नव्या फांद्या निघाल्या. पावसाळ्यात दबलेली तूर इथे बरीचशी सावरते.

पाऊस गेला की प्रश्न पाण्याचा. नाचणीची तंतुमय मुळं वरच्या वीतभर थरात जास्त, तुरीचं सोटमूळ जांभ्याच्या भेगांतून खाली जातं. नाचणी असेपर्यंत पाणी मुबलक, त्यामुळे पाण्यासाठी भांडण जवळपास नाहीच. उरलेली ओल नंतर एकटी तूर वापरते. मात्र खाली माती हवी. तुकड्याच्या एका टोकाला हातभर खोलीवरच कातळ आहे. तिथे नोव्हेंबरात फुलं गळली आणि शेंगा चपट्या राहिल्या. अशा जागी मिश्रपिकाचा हिशोब नाचणीवरच संपतो.

अन्नद्रव्यांत नत्राबद्दल एक गैरसमज काढून टाका. त्याच हंगामात तूर नाचणीला भरभरून नत्र देत नाही. ती स्वतःचं बरंचसं नत्र हवेतून भागवते, म्हणून जमिनीतलं नाचणीला जास्त उरतं, एवढंच. म्हणूनच युरियाचा मोठा हप्ता दिला की हा फायदा आटतो, आणि माजलेली नाचणी तुरीला आणखी झाकते. जांभ्याच्या मातीत खरी गंमत स्फुरदाची आहे. इथे स्फुरद लोहाशी बांधलेला असतो. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं, ते लोहाला धरतं आणि स्फुरद मोकळा होतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी हे १९९० मध्ये दाखवलं. म्हणजे तूर अशा साठ्यातून खाते जिथे इतर बरीच पिकं पोचत नाहीत.

आता शीर्षकातला ‘थांबा’. नाचणी शेतात सुमारे १०० दिवस होती, तूर २००. एलईआर हा वेळ मोजत नाही. क्षेत्र-काल गुणोत्तर मोजतं: प्रत्येक वाट्याला त्या पिकाच्या दिवसांनी गुणायचं, बेरीज करायची आणि मिश्रपिकाच्या एकूण दिवसांनी भागायचं.

```
(0.80 × 100 + 0.55 × 200) / 200 = 0.95
```

१.३५ चं ०.९५ झालं, एकपेक्षा कमी! माझं मत असं की कोरडवाहू वरकसावर हा आकडा मिश्रपिकावर अन्याय करतो. त्यात गृहीत असं आहे की ऑक्टोबरात रिकामी झालेली जमीन लगेच तितकंच पुन्हा पिकवेल. इथे पाणी नाही, जून येईपर्यंत जमीन पडूनच असते, म्हणून एलईआर वास्तवाला जास्त जवळ. पण खालच्या ओल धरणाऱ्या तुकड्यात नाचणीमागून कुळीथ येतो, आणि तिथे १.३५ वर विसंबून तूर घालणं चूक ठरू शकतं.

म्हणून येत्या हंगामात खालच्या बाजूला चौथा प्रकार घेतोय: निव्वळ नाचणी, कापणी होताच त्याच ओलीवर कुळीथ. दाण्याच्या किलोंची बेरीज तिथे चालणार नाही, तीन वेगळी धान्यं आहेत. नाचणी+कुळीथ आणि नाचणी+तूर यांची तुलना गुंठ्यामागच्या बाजारभावाच्या रुपयांत आणि बेणणी-कापणीच्या मजुरीत करणार. पाणी तुंबणाऱ्या पट्टीत तुरीची ओळ गादीवाफ्यावर चढवणार. खोली मोजायला पहार ठोकून ठिकठिकाणी कातळाच्या खुणा करून ठेवल्यात, त्या नकाशावरूनच तुकडे पाडेन.