रक्त जातं, लोह राहतं

«दर तीन आठवड्यांनी रक्त चढवता, मग ते जातं तरी कुठं? त्यापेक्षा पोरीला लोहाचं टॉनिक का नाही देत?»

माझ्या लेकीला थॅलेसेमिया आहे. इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत हे मला सगळ्यांनी विचारलंय, आणि मायेनंच विचारलंय. पहिला अर्धा प्रश्न तर माझ्या लेकीचाच होता. आठ वर्षांची असताना, हातात सुई, वर लटकलेली लाल पिशवी, आणि ती मला हळूच म्हणाली, "आई, मागच्या वेळचं सगळं संपलं? मला कुठं भोक आहे का गं?" इतके दिवस हे मनात घेऊन झोपत होती पोर. मला फार लागलं ते.

भोक कुठंच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, मग मोडतात. तुमच्याही मोडतात, पण तुमच्या हाडांतला मगज रोज नव्या करतो. हिच्या मगजात पेशी बनायला घेतात, पण हिमोग्लोबिनची एक साखळी जुळत नाही, आणि बहुतेक पेशी तिथंच नासतात. हा दोष थोडा माझ्याकडून आणि थोडा तिच्या बाबांकडून आला. आम्हा दोघांत एकेकच बिघडलेला जनुक, म्हणून आम्ही धडधाकट. लग्नाआधी एक रक्ततपासणी केली असती तर कळलं असतं. तिच्यात दोन्ही एकत्र आले.

पिशवीतल्या पेशी दात्याच्या, काही ताज्या, काही उतारवयाच्या. रोज शंभरातली साधारण एक जाते. हे तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं: रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन 12, रोज साधारण 0.12 कमी, 21 दिवसांनी साडेनऊ. पुढच्या वेळी सुई लावण्याआधीचा रिपोर्ट आला, 9.4. तिचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता! फार खाली जाऊ देत नाहीत, कारण मग तिच्या हाडांतला मगज वेड्यासारखा राबायला लागतो, गालाची आणि कपाळाची हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते.

आता टॉनिक. पेशी मोडली तरी तिच्यातलं लोह शरीर टाकून देत नाही, साठवून ठेवतं. एका पिशवीत साधारण 200 मिलिग्रॅम लोह असतं. वर्षाला सतरा पिशव्या, म्हणजे 3400. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं, जवळजवळ तेवढं. आणि बाहेर जातं रोज एखादा मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात बसतं, पुढं हृदयात, आणि वाढीच्या ग्रंथींत बसलं तर मुलीची उंची खुंटते, पाळी लांबते. म्हणून डाळिंबाचा रस द्या हो, पण लोहाची गोळी नको. सहावीत शाळेत निळ्या गोळ्या वाटल्या तेव्हा ती बाईंना म्हणाली, "बाई, माझं उलटं आहे, मी लोह काढायची गोळी घेते." बाईंनी मला फोन करून खात्री केली. बरं वाटलं.

ती काढायची गोळी पाण्यात विरघळवून, रोज सकाळी, उपाशीपोटी. अर्ध्या तासानं पोहे. गोळी लोहाला धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. अंगात किती लोह साठलंय ते रक्तातल्या फेरिटिनवरून कळतं. यंदा पावसाळ्यात मात्र ते 1150 वरून 1700 वर गेलं. फेरिटिन तापानंही वाढतं, पण तिला ताप आलाच नव्हता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, एक गोळी चुकली नव्हती. लोह साठताना काही जाणवतच नाही, हेच वाईट. डॉक्टरांनी तिला म्हटलं, "उद्या गोळी घेतेस ना, तो ग्लास न धुता घेऊन ये."

आणला. तळाशी पांढरा गाळ, चांगला बोटभर रुंद. पुरती विरघळतच नाही ती, ढवळून लगेच प्यावी लागते. शाळेच्या घाईत ही वरचं पाणी प्यायची, आणि मी ग्लास मोरीत टाकायची. किती महिने, देव जाणे. त्या दिवशी मी रिक्षात रडले. तीच म्हणाली, "आई, पुढच्या तीन महिन्यांत रिपोर्ट येईल ना."

आता तिची आपली पद्धत आहे. प्यायची, मग तळाशी दोन घोट पाणी, गोल फिरवायचं, पुन्हा प्यायचं. मग ग्लास उजेडात धरून आजीला दाखवायचा. आजी चष्मा लावून तळ बघते आणि म्हणते, "एक कण राहिलाय बघ," आणि ती परत दोन घोट घालते.