रोलर बदलला की मशीन बदलली?

"जिनिंग फॅक्टरीच्या कामाला सीझनआधी बारा लाख लागले. पैसे याच वर्षी गेले, बिलंही याच वर्षाची आहेत. मग सीए म्हणतात, सगळा खर्च यंदा वजा होणार नाही. असं कसं?"

पैसे कोणत्या वर्षी गेले, हा इथे अर्धाच प्रश्न आहे. त्या पैशांतून काय झालं, हा उरलेला अर्धा. जुनीच वस्तू पुन्हा कामाची झाली असेल तर तो महसुली खर्च, आणि तो त्याच वर्षीच्या नफ्यातून पूर्ण वजा होतो. नवी वस्तू उभी राहिली असेल तर तो भांडवली खर्च. तो आधी मालमत्तेत जमा होतो आणि मग घसाऱ्याच्या रूपाने दरवर्षी थोडाथोडा वजा होतो.

आता त्या बारा लाखांची फोड करू. समजा २४ डबल रोलर जिनची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या २४ मशीनची, फॅक्टरी आहे. रोलरवरचे चामडी वॉशर झिजले होते ते बदलले, चाकू बदलले, बेअरिंग आणि पट्टे टाकले, दोन मोटारी रिवाइंड केल्या. याचे झाले ४ लाख. दोन जिन पार गेल्या होत्या, त्या काढून नव्या बसवल्या, त्याचे ६ लाख. कापूस उतरवायला सिमेंटचा नवा ओटा बांधला, त्याचे २ लाख. मुनीमजींनी तिन्ही रकमा 'मशिनरी दुरुस्ती' या एकाच खात्यात टाकल्या, आणि तिथेच घोटाळा झाला.

पहिले ४ लाख निर्विवाद महसुली आहेत. रोलर, चाकू, बेअरिंग हे जिनचे भाग आहेत. ते बदलल्याने २४ ची २५ वी जिन होत नाही. रक्कम मोठी आहे म्हणून ती भांडवली ठरत नाही, हे ध्यानात ठेवा. चोवीसही जिनचे रोलर एकाच वर्षी बदलले तरी ती दुरुस्तीच.

खरा वाद दोन जिनचा. मालक म्हणतो, "फॅक्टरी तीच, क्षमता तीच, फक्त दोन मशीन बदलल्या. मग ही दुरुस्ती नाही का?" सूतगिरण्यांनी नेमका हाच युक्तिवाद केला होता. रिंग फ्रेम ही सूत कातायची मशीन; जुनी काढून नवी बसवली तर ती पूर्ण गिरणीची चालू दुरुस्ती मानावी, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात ते मान्य केलं नाही. गिरणीतली प्रत्येक मशीन स्वतंत्र आहे, आणि आख्खी मशीन बदलणं म्हणजे असलेली मशीन सांभाळणं नव्हे. जिनलाही हेच तर्कशास्त्र लागू पडतं. जिन ही मशीन, रोलर हा तिचा भाग. भाग बदलला तर दुरुस्ती, मशीन बदलली तर मालमत्ता. ओट्याचंही तसंच आहे: जुन्या ओट्याच्या भेगा बुजवल्या तर दुरुस्ती, नवा बांधला तर भांडवली.

मशिनरीवर घसारा साधारण १५ टक्के, फॅक्टरीच्या बांधकामावर १० टक्के. पण आपल्याकडे एक अडचण हमखास येते. वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजलं तर ही रेष साधारण ३ ऑक्टोबरला पडते. विदर्भात कापसाची आवक दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि खरा जोर दिवाळीनंतर. म्हणजे ऑगस्टमध्ये घेतलेली, सप्टेंबरमध्ये बसवलेली जिन नोव्हेंबरमध्ये कापूस ओढू लागली, तर तिचा घसारा निम्मा. बिलाची तारीख इथे उपयोगाची नाही, वापराची तारीख लागते. मशीनची पूजा करून नारळ फोडला म्हणजे वापर सुरू झाला, हेही कोणी मानत नाही. आधीच थोडा कापूस खरंच चालवला असेल तर त्या दिवसाची काटापट्टी, कापूस खरेदीची पावती आणि उत्पादन रजिस्टरमधली नोंद जपून ठेवा.

जिन आणि ओटा दोन्ही नोव्हेंबरपासूनच वापरात आले असं धरलं, तर हिशेब असा बसतो. यंदा दुरुस्तीचे ४ लाख पूर्ण वजा. ६ लाखांच्या जिनवर साडेसात टक्क्यांनी ४५,००० आणि २ लाखांच्या ओट्यावर ५ टक्क्यांनी १०,००० घसारा. एकूण वजावट ४,५५,०००. मागितली होती १२ लाखांची. उरलेले ७,४५,००० नफ्यात परत जोडले गेले, तर भागीदारी फर्मच्या ३० टक्के दराने, सेससह ३१.२ टक्क्यांनी, कर निघतो २,३२,४४०. त्यावर व्याज, आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड लागला तर तो वेगळा. मात्र हे ७,४५,००० बुडत नाहीत. पुढच्या वर्षी जिनचे उरलेले ५,५५,००० धरून १५ टक्के म्हणजे ८३,२५० मिळतात, त्याच्या पुढच्या वर्षी ७०,७६२. वजावट लांबते, हातात मात्र ती हळूहळूच पडते.

उलटी चूकही होते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तिच्यावर नोटीस येत नाही. बँकेच्या सीसी लिमिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जमर्यादेसाठी, नफा जरा बरा दिसावा म्हणून रोलर-बेअरिंगचे ४ लाखही मशिनरी खात्यात टाकले जातात. ताळेबंद भरलेला दिसतो, पण जिथे यंदा ४ लाख वजा झाले असते तिथे मिळतात ३०,००० किंवा फार तर ६०,०००. न लागणारा कर भरून नफा दाखवणं ही महागडी हौस आहे.

बंद पडलेल्या फॅक्टरीतून जुनी मशीन घेणाऱ्यांनी वेगळं जपावं. समजा तिची किंमत ३ लाख, आणि ती चालू करायला रोलर, ट्रक, क्रेन, फाउंडेशन, फिटर मिळून आणखी १ लाख. इथे नवे रोलर असूनही तो खर्च दुरुस्तीचा नाही. मशीन पहिल्यांदा चालण्याजोगी होईपर्यंतचं सगळं तिच्या किमतीत जातं, म्हणून मालमत्ता ४ लाखांची. एक सीझन चालल्यावर तेच रोलर पुन्हा बदलले, तर मात्र महसुली. दारातून निघालेल्या जुन्या आख्ख्या जिन भंगारात विकल्या, तर ती रक्कम मशिनरीच्या गटातून, म्हणजे ज्या एकत्रित किमतीवर घसारा निघतो तिच्यातून, वजा करायची.

बिल घेताना फिटरला सांगून ठेवा: दुरुस्तीचं बिल वेगळं, नव्या मशीनचं वेगळं, आणि दुरुस्तीच्या बिलावर जिनचा नंबर लिहिलेला. "मशिनरी काम, एकरकमी" असं बिल असेल तर काय बदललं हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. पैसेही बँकेतूनच द्या. एका दिवशी एका माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिली, तर साधारणपणे दुरुस्तीचा तो खर्च नामंजूर होतो, आणि मशीन असेल तर ती रक्कम तिच्या किमतीतच धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर पुढे कधीच घसारा नाही. जीएसटीचंही बघा: मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर घसारा जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवरच काढायचा.