तुम्ही विचारलंत म्हणून

"फुकट आलेल्या क्रिप्टो कॉइनना कसला ओ कराचा हिशेब? विकताना बघायचं की!"

टिळकवाडीतल्या चहाच्या गाड्यावर हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी मोबाइल पुढे करीन.

तुमच्यासारखंच मीही म्हणायचो. माझे कॉसमॉस या क्रिप्टो नेटवर्कचे २०० ATOM कॉइन स्टेकिंगला होते, म्हणजे बक्षिसासाठी नेटवर्कवर बांधून ठेवलेले. कॉसमॉसवर बक्षीस साचत राहतं आणि क्लेम दाबल्यावर हातात येतं. म्हणून माझा हिशेब सोपा होता: वर्षभर क्लेम दाबायचं नाही, मग वर्षभर उत्पन्नच नाही. १ एप्रिल २०२३ ला रात्री पाऊण वाजता मी मोठ्या हुशारीने क्लेम केलं. नवीन आर्थिक वर्ष लागलं होतं ना!

जुलैत रिटर्न भरायला बसलो तेव्हा आमचे अकाउंटंट म्हणाले, "सर, मधे डेलिगेशन वाढवलं होतं काय?" वाढवलं होतं, चारदा. पैसे हातात आले की स्टेकिंगला थोडे थोडे ATOM घालत होतो. त्यांनी वॉलेटचा पत्ता सगळे व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोरर साइटवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. डेलिगेशनमध्ये बदल केला की ज्याच्याकडे कॉइन सोपवलेत त्या व्हॅलिडेटरकडे साचलेलं बक्षीस आपोआप वॉलेटमध्ये येतं. मी क्लेम दाबलं नव्हतं, तरी चार वेळा मिळून २६ ATOM येऊन बसले होते. मी नुसती शिल्लक बघायचो आणि ती वाढतेय म्हणून खूश व्हायचो. आणि माझ्या त्या हुशारीच्या क्लेमपुढे स्क्रीनवर तारीख होती ३१ मार्च, १९:१५ UTC. आपली वेळ साडेपाच तास पुढे असते, म्हणून तो १ एप्रिलच धरायचा, हे त्यांनीच समजावलं. तेवढं एक वाचलं.

पण त्या चार तारखांचं काय? एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला ८ ATOM आले तेव्हा भाव २,२०० च्या घरात होता. म्हणजे १७,६०० रुपयांचं उत्पन्न, आणि माझ्या २० टक्क्यांच्या स्लॅबने ३,५२० रुपये कर (सेस सोडा). पुढे हेच आठ मी ५८० ने विकले आणि हातात आले ४,६४०. तोटा १२,९६०, पण २०२२ पासूनच्या नियमांत क्रिप्टोचा तोटा कशातूनच वजा होत नाही. ४,६४० मिळवायला ३,५२० कर. त्या दिवशी घरी कोणाशी बोललो नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, बघ, नोंद न ठेवता खरेदी किंमत शून्य धरून विकताना ३० टक्के दिले असते तर १,३९२ मध्ये सुटला असतास. खरंय. या उदाहरणात नोंदीने माझं नुकसानच केलं, ते मी लपवत नाही. पण उद्या आयकर खात्याने "मिळालं त्या दिवशीच ते उत्पन्न होतं" म्हटलं आणि माझ्याकडे त्या दिवसाच्या भावाचा कागद नसेल, तर तिकडे ३,५२० आणि इकडे किंमत शून्य धरून १,३९२, दोन्ही द्यावे लागतील. उलट भाव चढला तर मिळाल्या दिवशीची किंमतच माझी खरेदी किंमत ठरते आणि ३० टक्के फक्त वरच्या नफ्यावर लागतात. स्टेकिंगचं नाव घेऊन कायदा स्पष्ट बोलत नाही. दोन्ही मतांचे अकाउंटंट मला बेळगावातच भेटलेत.

आमचे बाबा मार्केट यार्डातून रताळ्याची पट्टी आणून खिळ्याला अडकवायचे: तारीख, वजन, दर. मीही आता तेवढंच करतो, टोकन आलं त्याच दिवशी.

```
तारीख व वेळ (भारतीय), टोकन, नग, दर ₹, कुठला दर, व्यवहाराचा हॅश
```

दर नेहमी एकाच एक्सचेंजचा घेतो आणि स्क्रीनशॉट ठेवतो. सोयीप्रमाणे एक्सचेंज बदलायचं नाही, हे मोह झाल्यावर ठरवलं.

एअरड्रॉपला, म्हणजे एखाद्या नेटवर्कने फुकट वाटलेल्या टोकनांना, मात्र दिवसाचा भाव पुरत नाही. २३ मार्च २०२३ ला आर्बिट्रम नेटवर्कच्या टोकनांचं वाटप झालं, तेव्हा पहिल्या काही तासांत भाव वेड्यासारखा वरखाली होत होता. तिथे मी क्लेमच्या मिनिटाचा दर लिहिला. आणि वॉलेटमध्ये न मागता येऊन पडणारी, कुठेच न विकणारी कचरा टोकनं? त्यांचा दर शून्य लिहितो आणि त्यांना हात लावत नाही. त्यांतली बरीचशी वॉलेट लुटायला टाकलेली असतात.

ते १७,६०० मी २०२२-२३ च्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवले. चूक केली का? दर जुलैत वाटतं, केली. मग वही उघडतो आणि पुढची ओळ लिहितो.