खोकणारा नळ आणि मुका नळ

«पाणी आलं की नळ आधी फुसफुसतो, खोकतो, थुंकतो आणि मग कुठे धार लागते. ही हवा पाइपात येते कुठून? एअरलॉक म्हणतात तो हाच का?»

नाही. खोकणाऱ्या नळातून हवा बाहेर पडत असते, म्हणजे तिला वाट मिळालेली असते. एअरलॉकमध्ये तिला वाटच नसते. तो नळ खोकतही नाही, पूर्ण सोडला तरी मुकाच राहतो. प्लंबिंगची कामं घेताना या दोन तक्रारी माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच नावाने आल्या आहेत, आणि दोन्हींवरचा उपाय अगदी वेगळा आहे.

हवा आत शिरते ती पाणी बंद असताना. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात, तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणा. वरून येणारं पाणी थांबलं तरी रस्त्याखालच्या पाइपात पाणी असतंच, आणि ते उताराकडे धावतं. सखल भागातल्या घरांत त्यानंतरही बराच वेळ बारीक धार चालू राहते. तिकडे जेवढं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा वरच्या अंगाला मोकळी होते आणि ती भरायला हवा येते. चढावरच्या घरातला एखादा नळ उघडा राहिला असेल तर त्यातून, नाहीतर सांध्यांतून आणि गळक्या जागांतून. अशा वेळी महापालिकेच्या लाइनवरचा वरच्या मजल्यावरचा नळ उघडून तोंडावर तळवा धरून बघा, तळवा आत ओढला जातो. म्हणूनच नळाला लावलेल्या रबरी पाइपाचं दुसरं टोक बादलीत बुडवून ठेवू नये. पाणी गेलं की बादलीतलं साबणाचं पाणी तोच नळ उलटा ओढून घेतो आणि ते सगळ्या गल्लीच्या लाइनमध्ये जातं. गळक्या सांध्याशेजारी गटाराचं पाणी साचलेलं असेल तर तेही याच ओढीने आत येतं. पहिलं गढूळ पाणी का येतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे तळाशी बसलेला गाळ आणि गंज, जो पाणी परत धडधडत आलं की उखडतो.

महापालिकेच्या प्रकटनात शेवटी ठरलेलं वाक्य असतं, की शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. लोकांना ती टोलवाटोलवी वाटते, पण त्यामागचा हिशोब खरा आहे. ६०० मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर पाइपात जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर पाणी मावतं. पाइप रिकामा झाला असेल तर तेवढी हवा बाहेर काढल्याशिवाय तो भरत नाही, आणि ती घाईने काढता येत नाही. मोठी लाइन भरताना पाण्याचा वेग सेकंदाला फूटभराच्या आसपास ठेवायचा, असा साधारण दंडक आहे. या वेगाने एक किलोमीटर भरायला जवळपास तास जातो. घाई केली तर पाण्याचा लोंढा अडकलेल्या हवेला ढकलत जातो, हवा एकदम सुटते आणि मागचं पाणी जिथे आपटतं तिथला सांधा उघडतो. ही हवा सुटावी म्हणून लाइनच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवतात. आत एक पोकळ गोळा असतो. हवा असेतो तो खाली पडून तोंड मोकळं ठेवतो, पाणी आलं की तरंगून वर येतो आणि तोंड बंद करतो. हायवेच्या कडेला जलवाहिनीवर पाण्याचं कारंजं उडताना दिसतं ते बऱ्याचदा अशाच व्हॉल्व्हचं असतं. गोळा झिजलेला असतो किंवा कचऱ्यामुळे नीट बसत नाही.

एअर व्हॉल्व्हमधून जी हवा गेली नाही ती घरापर्यंत येते. आता नळ सोडला की काय होतं बघा. तोच दाब आणि तेच तोंड असलं तरी हवा पाण्याच्या पंचवीस-तीस पट वेगाने बाहेर पडते, कारण ती पाण्याच्या मानाने फारच हलकी आहे. हवा सुटत असते तोवर मागचं पाणी मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीसारखं धावत येतं. नळाच्या तोंडाशी पोहोचलं की त्याला एकदम कचकन थांबावं लागतं, कारण एवढ्याशा फटीतून पाणी तितक्या वेगाने जाऊच शकत नाही. पाइप भिंतीत दणकतो, थुंकी उडते, मग थोडं पाणी येतं, मागे पुन्हा हवेचा तुकडा असतो आणि पुन्हा तेच. पाणी येण्याच्या वेळी नळ पूर्ण सोडून ठेवणारे लोक हा दणका वाढवतात. सर्वांत वरचा एक नळ बोटभर सोडा. हवा वर चढतेच, ती तिथून हळूहळू निघून जाईल. फुसफुस थांबली की मग बाकीचे नळ उघडा. मीटर असेल तर याच वेळी त्याचा काटा गरगर फिरताना दिसेल. आतल्या चक्राला पाणी आणि हवा यांतला फरक कळत नाही.

धार लागल्यावरही थोडा वेळ पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. तळापासून वर निवळत गेलं तर ते हवेचे बारीक बुडबुडे, एक-दोन मिनिटांत पाणी स्वच्छ होतं. पांढरेपणा तसाच राहिला किंवा तळाशी काही बसलं, तर ती हवा नव्हे. पिवळसर किंवा वासाचं पाणी असेल तर ते पिण्यासाठी भरायचंच नाही.

आता मुक्या नळाकडे वळतो, कारण खरी डोकेदुखी त्याचीच. हा बहुधा गच्चीवरच्या टाकीच्या लाइनवर होतो. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याला निदान दाब असतो. टाकीच्या पाण्याकडे फक्त उंची असते, आणि दहा मीटर उंचीला कुठे एक किलोचा दाब मिळतो. टाकीखालच्याच मजल्यावर दोन मीटरही हाती नसतात.

कोथरूडमधल्या एका दुमजली घराचं उदाहरण घेतो. टाकी धुवून घेतली, दुसऱ्या दिवशी वरच्या बाथरूममध्ये टिपूस नाही. खालच्या मजल्याचा पाइप वेगळा, तो व्यवस्थित. आधीच्या प्लंबरने टाइल्स फोडायला सांगितलं होतं. मी गच्चीवर जाऊन टेप लावला. टाकीचा ओटा ४५ सेंटिमीटरचा, टाकीत पाणी ६० सेंटिमीटर, म्हणजे पाण्याची पातळी गच्चीपासून १०५. बाथरूमचा पाइप टाकीच्या तळातून निघून कठड्यावर चढवलेला होता, १०० सेंटिमीटरवर, आणि तिथून बाहेरच्या भिंतीने खाली, बाथरूमच्या फरशीशी आत, मग भिंतीतून वर शॉवरपर्यंत. शॉवर फरशीपासून २१० सेंटिमीटरवर.

टाकी रिकामी केली तेव्हा हा सगळा पाइप हवेने भरला. पुन्हा पाणी भरल्यावर ते कठड्यावर पोहोचलं आणि तिथून बारीक धारेने खाली घरंगळून फरशीजवळच्या वळणात साचलं. झालं, वळणाच्या पाण्याने हवेचा खालचा रस्ता बंद केला आणि कठड्यावरच्या पाण्याने वरचा. हवेला वजन जवळपास नाही, त्यामुळे अडकलेल्या हवेच्या खालच्या टोकाला तेवढाच दाब पोहोचतो जेवढा वरच्या टोकाला आहे. टाकीची पातळी १०५ आणि कठडा १००, म्हणजे हाती उरला फक्त पाच सेंटिमीटरचा दाब. तेवढ्यावर पाणी वळणाच्या पलीकडे पाच सेंटिमीटर चढतं आणि थांबतं. शॉवर तर दूरच, बादलीचा नळ ६० सेंटिमीटरवर होता, तोही कोरडा. टाकी काठोकाठ भरली तर पातळी १५५ होते, दाब ५५ सेंटिमीटर. तरी बादलीचा नळ जेमतेम राहूनच जातो. आणि हवा नसती तर शॉवरला जवळपास दोन मीटरचा दाब मिळाला असता. वर्षानुवर्षं तो मिळतही होता, कारण पाइप कधी रिकामाच झाला नव्हता.

लगेचचा उपाय सोपा होता. त्यांच्या स्वयंपाकघरात महापालिकेच्या लाइनचा नळ होता. सकाळी पाणी आल्यावर त्या नळापासून बाथरूमच्या बादलीच्या नळापर्यंत रबरी पाइप क्लिप लावून घट्ट बसवला आणि दोन्ही नळ सोडले. पाणी उलटं वर चढलं, हवा कठड्यावरून टाकीत गेली, गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाने बुडबुड्यांचा आवाज ऐकला. बंद करताना आधी बाथरूमचा नळ, मग स्वयंपाकघरातला, आणि रबरी पाइप लगेच काढायचा. तो तसाच राहिला आणि मधेच पाणी गेलं तर टाकीचं पाणी उलटं महापालिकेच्या लाइनमध्ये उतरेल.

पण हे काही कायमचं नाही, टाकी पुढच्या वर्षी पुन्हा धुतली जाणार. लोक म्हणतात, कठड्यावर टी लावून हवेचा पाइप उभा करा. तो टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच असला तरच उपयोगी, नाहीतर टाकी भरली की त्यातून पाणी सांडतं आणि कोणीतरी वैतागून त्याला बूच मारतं. इथे मात्र तो उंच ठेवूनही चूक ठरला असता. उंचवट्यावर हवेला तोंड दिलं की टाकीची पातळी कठड्याच्या खाली गेल्याबरोबर धार तुटते. म्हणजे टाकीतलं खालचं ५५ सेंटिमीटर पाणी बाथरूमला कधीच मिळालं नसतं. मी कठड्याला तळाशी भोक पाडून पाइप त्यातून नेला, टाकीपासून वळणापर्यंत सतत उतार राहील असा. हवेचा पाइप टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच दिला, वरचं तोंड खाली वळवून जाळी लावली. एका दिवसाचं काम झालं आणि एकही टाइल फुटली नाही.

तुमच्याकडे असा नळ असेल तर प्लंबरला बाथरूम दाखवण्याआधी गच्ची दाखवा. टाकीतून निघालेला पाइप कुठे वर चढून पुन्हा खाली उतरतो का, ते नजरेनेच कळतं. आणि पाणी बंद राहून परत आलं असेल तेव्हा गीझरचं बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा. धार सलग आली तरच गीझरच्या टाकीत पाणी आहे असं समजा, नाहीतर आतली कॉइल कोरडी तापून जळते.